सरांच्या कोडवरचा माझा शेरा

अमरावतीला आमचं ऑफिस एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होतं. दोन खोल्या, एक इन्व्हर्टर आणि आम्ही पाच जण. त्यातले चौघे रोज समोरासमोर बसायचो. पाचवे अकोल्याहून, आपल्या घरूनच काम करायचे. ते कधीकाळी माझे सर होते.

अकोल्याच्या ज्या पॉलिटेक्निकमध्ये मी शिकले, तिथे ते कॉम्प्युटर शिकवायचे. प्रयोगशाळेत चपला बाहेर काढून जावं लागे. एकेका मशीनवर आम्ही तिघी-तिघी बसायचो, आणि ज्यांना मशीन मिळत नसे त्यांच्यासाठी सर फळ्यावर अख्खा स्क्रीन काढायचे. वर पट्टी, डावीकडे याद्या, उजव्या कोपऱ्यात फुली. मग छडीने दाखवत सांगायचे, आता इथे जा, आता इथे दाबा. मी घरी कॉम्प्युटर नसलेली मुलगी. पहिल्या सहामाहीत मला जे काही आलं ते त्या फळ्यावरून आलं.

पुढे त्या कॉलेजात प्रवेश कमी होत गेले आणि शेवटी तो विभागच बंद झाला. सर तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. त्यांनी घरी बसून नवीन भाषा शिकल्या, लहानसहान कामं केली आणि एक दिवस आमच्या मालकांनी मला विचारलं, "अकोल्याचे एक जण आहेत, तुमच्या कॉलेजात होते म्हणे. ओळखता का?" मी म्हटलं, ते माझे सर आहेत. मालक म्हणाले, "मग तर बरंच झालं."

बरं झालं की नाही हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. पहिले काही महिने मी मीटिंगमध्ये त्यांना सर म्हणायची आणि बाकीच्यांनाही तीच सवय लागली. ते मला तू म्हणायचे, पण कामाच्या लेखी निरोपांमध्ये मात्र "आपण" लिहायचे. त्याला माझी कधी हरकत नव्हती.

आमचं त्या वेळचं मोठं काम एका खाजगी माती परीक्षण प्रयोगशाळेचं होतं. वरूड, धामणगाव, नांदगाव खंडेश्वर अशा ठिकाणी तिची केंद्रं होती. शेतकरी मातीचा नमुना पिशवीत घालून केंद्रावर देत. काही दिवसांनी अहवाल तयार होई आणि मग विचारणा सुरू होत. अहवाल आला का, कुठे पाहायचा, छापील कसा मिळेल, नमुना पुन्हा द्यावा लागेल का. प्रश्न तेच ते असल्यामुळे उत्तरं आपोआप जावीत असं ठरलं होतं. त्यासाठी आधीच लिहून ठेवलेले मजकूर होते. आम्ही त्यांना साचे म्हणायचो. साच्यात नाव, गाव आणि नमुन्याचा क्रमांक यांच्या जागा रिकाम्या असत. कोड त्या भरून उत्तर पाठवी. उत्तर चार वाटांनी जाऊ शके: वेबसाइटवरच्या चॅटमध्ये, मोबाइल ॲपमध्ये, एसएमएसने आणि ज्यांनी तसं मागितलं असेल त्यांना आवाजी फोनने. फोनवर एक यंत्राचा आवाज तो मजकूर वाचून दाखवी.

साचे लिहायचं आणि ते चालवणारा कोड लिहायचं काम सरांकडे होतं. आमच्याकडे नियम होता की कोणाचाही कोड दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय मुख्य कोडमध्ये जाणार नाही. वाचणाऱ्याने ओळीशेजारी शेरे लिहायचे, मग खाली "मंजूर" किंवा "बदल हवेत" यांपैकी एक दाबायचं. सरांचा कोड माझ्याकडे आला. खरीप जवळ येत होता, पेरणीआधी नमुने वाढणार होते, आणि मालकांना हे सगळं सोमवारी चालू करायचं होतं.

कोड स्वच्छ होता. सरांचं अक्षर जसं असायचं तसाच. पण अहवाल कुठे पाहायचा या प्रश्नाच्या उत्तरात लिहिलं होतं: "डावीकडच्या मेनूमध्ये ‘माझे अहवाल’ यावर क्लिक करा. छापण्यासाठी कंट्रोल आणि पी ही बटणे एकत्र दाबा." दुसऱ्या एका उत्तरात अहवालावर माउसचं उजवं बटण दाबून तो साठवायला सांगितलं होतं. आणि कोडमध्ये, उत्तर कुठे वाचलं जाणार आहे हे सांगायची जी जागा होती, तिथे काहीच सांगितलं नाही तर "डेस्कटॉप" धरावं असं थेट लिहून टाकलं होतं. बाकी सगळीकडे ती जागा रिकामीच सोडलेली होती. म्हणजे उत्तर एसएमएसने जावो की ॲपमध्ये, मजकूर कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसाचाच जाणार होता.

वेबसाइटचा तो डावीकडचा मेनू फोनवर दिसतच नाही. तिथे वरच्या बाजूला तीन आडव्या रेघा असतात, त्यांच्यावर बोट ठेवलं की मेनू उघडतो. कंट्रोलचं बटण तर फोनला नसतंच.

मी शेरा लिहिला, पुसला, परत लिहिला. एरवी आम्ही एकमेकांना दोन शब्दांत सांगून मोकळे व्हायचो, पण सरांच्या कोडशेजारी "हे चूक आहे" असं लिहायला माझं मन धजेना. शेवटी जो शेरा टाकला तो असा होता:

"सर, या साच्यांमध्ये वाचणारा माणूस कॉम्प्युटरसमोर बसला आहे असं आपण गृहीत धरलं आहे. ‘डावीकडचा मेनू’, ‘उजवं बटण’, ‘कंट्रोल आणि पी’ हे फोनवर लागू होत नाही. एसएमएसमध्ये तर मेनूच नसतो. शिवाय माध्यम सांगितलं नाही तर कोड ते डेस्कटॉप धरतो, त्यामुळे ही चूक कुठेही दिसून न येता चालू राहील. हे गृहीतक कोडमधून काढावं ही विनंती. माध्यम माहीत नसेल तेव्हा कुठेही चालेल असं वाक्य जावं, उदाहरणार्थ, ‘माझे अहवाल हा भाग उघडा.’"

खाली "बदल हवेत" दाबलं आणि चहा प्यायला खाली गेले.

सरांचं उत्तर दुपारी आलं. एकच ओळ होती. "लॉग पाहावा. विचारणा बहुतांश डेस्कटॉपवरूनच येतात." पाहावा, येतात. त्या ओळीत "तू" नव्हतं आणि "आपण"ही नव्हतं. मी ती दोनदा वाचली.

लॉग म्हणजे कोणता प्रश्न कधी आणि कशावरून आला याची कोडने आपली आपण ठेवलेली नोंद. मी पाहिली. सर म्हणत होते ते खरं होतं. केंद्रांवर महिनाभर चाचणी झाली होती, तेव्हा उत्तरं प्रयोगशाळेतली माणसं हाताने पाठवत. त्या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न कॉम्प्युटरवरूनच आलेले दिसत होते. मला ते पटेना, कारण वरूडच्या संत्र्याच्या बागेतला माणूस अहवालाची चौकशी करायला कॉम्प्युटर उघडेल असं मला वाटत नव्हतं. पण मला काय वाटतं हा काही पुरावा नव्हता. म्हणून नांदगाव खंडेश्वरच्या केंद्रावर फोन लावला. तिथल्या बाई काउंटरवर नमुने घेत आणि कॉम्प्युटरही सांभाळत. चाचणीच्या वेळी आमचं बोलणं झालेलं होतं.

मी विचारलं, "ताई, तुमच्याकडे लोक प्रश्न कसे विचारतात? स्वतः टाकतात का?"

"थोडे लोक टाकतात," त्या म्हणाल्या. "बाकीचे इथंच येऊन उभे राहतात. मंग मीच टाइप करून देते. नाव त्याईचं, नंबर त्याईचा."

"आणि उत्तर?"

"उत्तर त्याईच्या फोनवर जाते ना. माझ्याकडे काहून येईन?"

प्रश्न केंद्रातल्या कॉम्प्युटरवरून येत होता आणि उत्तर शेतकऱ्याच्या खिशातल्या फोनवर जात होतं. सरांनी पाहिलेली नोंद बरोबर होती, फक्त ती विचारणाऱ्या यंत्राची होती. मी हे सगळं, बाईंनी सांगितलं तसंच, शेऱ्याखाली लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी बदल पाठवला. प्रश्न आला की ब्राउझर आपली ओळख सांगतो, त्यावरून यंत्र कोणतं ते ओळखायचं आणि त्याप्रमाणे साचा निवडायचा, असा कोड होता. मेहनतीने लिहिला होता. वेगवेगळ्या फोनच्या ओळखी त्यांनी शोधून शोधून घातल्या होत्या. पण मुद्दा तिथेच होता. विचारणारं यंत्र ओळखून वाचणारं यंत्र कळत नाही. मी तेच लिहिलं, या वेळी जरा थोडक्यात, आणि परत "बदल हवेत" दाबलं.

त्यावर काही उत्तर आलं नाही. शुक्रवार होता.

संध्याकाळी मालक माझ्या टेबलाशी आले. ते वाईट माणूस नव्हते. प्रयोगशाळेला त्यांनी शब्द दिला होता आणि त्यांना तो पाळायचा होता.

"किती मोठी गोष्ट आहे ही?" त्यांनी विचारलं. "चालू तर होतंय ना?"

"चालू होतंय," मी म्हटलं. "पण लोकांना भलतंच सांगेल."

"सोमवारी चालू करू, मंगळवारी सुधारू. चार वाक्यं तर बदलायची आहेत."

मी त्यांना एसएमएसची अडचण सांगितली. कंपनीने पाठवायच्या एसएमएसचा मजकूर आधी मोबाइल सेवा देणाऱ्यांकडे नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. नोंदलेल्या साच्यापेक्षा वेगळा मजकूर पुढे जातच नाही. सोमवारसाठी तो चुकीचा मजकूर आधीच नोंदवून झाला होता, त्यामुळे मंगळवारी कोडमध्ये चार वाक्यं बदलून भागणार नव्हतं. नवा मजकूर पुन्हा नोंदवा, पुन्हा मंजुरीची वाट पाहा. तोवर पेरणीचे दिवस येणार.

मालकांनी तिथेच उभ्याने सरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मी करू नका म्हणेपर्यंत सरांनी उचललाही होता.

"सर, ते साच्यांचं अडकलंय ना," मालक म्हणाले. "मी स्वतः मंजूर करून टाकू का? मला तसा अधिकार आहे."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. अकोल्याला त्या दिवसांत पंखा लावून काही उपयोग नसतो, पण तो लावलेला असतो.

"नको," सर म्हणाले. "तिनं थांबवलं ना, मंग तिनंच सोडलं पायजे. नाहीतर वाचायले देता कायले?"

"पण सोमवार..."

"सोमवार मी पाहतो. ती आहे का तिथं?"

मी आहे म्हटलं.

"रविवारी अकोल्याले ये. घरी. लिहून लिहून हे होणार नाही."

रविवारी सकाळच्या एसटीने निघाले. मूर्तिजापूरच्या पुढे गाडीत ऊन शिरलं आणि खिडकीच्या काचेला हात लावता येईना. मला भीती वाटत नव्हती. पण सरांसमोर बसून त्यांचा कोड का चालणार नाही हे तोंडी सांगायचं, याची मी मनातल्या मनात दोन-तीनदा उजळणी केली. कॉलेजात तोंडी परीक्षेआधी करायचे तशीच.

सरांचं घर जठारपेठेकडे होतं. काकूंनी दार उघडलं. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, रात्रपाळी करून आल्या होत्या आणि तरीही झोपल्या नव्हत्या. कूलरमध्ये पाणी भरलेलं, समोरच्या खोलीत सरांचं टेबल, टेबलावर दोन स्क्रीन. भिंतीला लागून एक छोटा फळा होता. त्यावर शेजारच्या मुलांच्या शिकवणीतली बेरीज-वजाबाकी अर्धी पुसलेली होती.

पन्हं पिऊन झाल्यावर सर म्हणाले, "आता सांग. तुले नेमकं काय खटकलं?"

मी सांगायला लागले. त्यांनी मध्येच थांबवलं.

"ते मले समजलं. प्रश्न एकीकडून, उत्तर दुसरीकडे. परवा रात्रीच समजलं. मी येडा नाही. मले दुसरंच म्हणायचं आहे." त्यांनी स्क्रीनवर माझा पहिला शेरा उघडला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तू सुचवलं. ‘माझे अहवाल हा भाग उघडा.’ कुठून उघडायचा? ज्यानं कधी पाहिलंच नाही त्यानं काय करावं?"

मी ती ओळ पुन्हा वाचली.

"मी वीस-बावीस वर्षं शिकवलं. पोराले ‘फाइल उघड’ म्हटलं की ते माझ्या तोंडाकडे पायते. ‘डावीकडे वर, पहिलं चित्र’ म्हटलं की उघडते. जागा सांगितली का माणूस पोचते. तू जागाच काढून टाकून राहिली. तुझं वाक्य कुठंही चालते, बरोबर आहे. कोणाच्या कामाचं आहे का पण?"

याची उजळणी मी केली नव्हती. ते म्हणत होते ते मला माझ्या स्वतःच्या अनुभवातून माहीत होतं, आणि तरी शेरा लिहिताना ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी म्हटलं, "पण सर, चुकीची जागा सांगितली तर तो तीही शोधत बसेल. नाही सापडली तर त्याला वाटेल आपलंच चुकतंय."

"तेही खरं आहे."

मग त्यांनी काकूंना हाक मारली आणि स्वतःच्या फोनवरून त्यांच्या फोनवर एक एसएमएस पाठवला. जुना, डावीकडच्या मेनूचा. काकू चष्मा डोक्यावरून खाली ओढत आल्या, निरोप मोठ्याने वाचला आणि फोन आडवा करून पाहिला.

"डावीकडं तर काहीच नाही," त्या म्हणाल्या. "हे ॲपमधलं म्हणतात का? कोणत्या ॲपमधलं?"

सरांनी मग माझं वाक्य पाठवलं. काकूंनी तेही वाचलं. "हे बरं आहे. पण माझे अहवाल कुठं आहेत?"

सर माझ्याकडे पाहून हसले. हसण्यात चिडवणं नव्हतं. "घे. दोघंही नापास."

काकू आत गेल्या आणि आम्ही कामाला लागलो. त्यानंतर जे झालं त्यात वाद असा राहिला नाही. सरांनी फळा पुसला आणि त्यावर चार उभे रकाने काढले: वेबसाइट, ॲप, एसएमएस, आवाज. खडू त्यांच्या हातात आला की त्यांची पाठ आपोआप सरळ होते, हे मी तेव्हा इतक्या वर्षांनी पुन्हा पाहिलं.

उत्तर पाठवणाऱ्या कोडला आपण कोणत्या वाटेने पाठवतो आहोत हे नेहमीच माहीत असतं. एसएमएस पाठवणारा कोड एसएमएसच पाठवतो. तेव्हा ते ओळखत बसायची गरज नव्हती, फक्त त्याने ते साच्याला सांगायला हवं होतं. सरांनी "डेस्कटॉप" हे गृहीतक काढलं आणि सांगणं सक्तीचं केलं. ज्या कोडने सांगितलं नाही, तो चाचणीतच अडखळून बंद पडेल आणि आम्हाला लगेच कळेल. वेबसाइटचा रकाना तेवढा अवघड होता, कारण चॅट कॉम्प्युटरवरही उघडते आणि फोनवरही. तिथे आम्ही जागा सांगायचं सोडून दिलं आणि उत्तराच्या खालीच ‘अहवाल उघडा’ असं बटण दिलं. बटण समोर असल्यावर डावं-उजवं सांगावं लागत नाही. ॲपमध्ये जागा ठरलेली असते, म्हणून तिथे सरांच्या पद्धतीने सांगितलं: "खालच्या पट्टीतलं दुसरं चित्र, कागदाचं." एसएमएसमध्ये थेट त्या अहवालावर नेणारी लिंक दिली. देवनागरीत एका एसएमएसमध्ये अक्षरं फार थोडी मावतात, त्यामुळे वाक्य आखूड करताना आम्ही बराच वेळ घालवला. "आपला" ठेवायचा की काढायचा यावर काकूही आतून मत देऊन गेल्या. छपाईचं वाक्य सगळीकडून काढलं आणि त्याऐवजी छापील प्रत केंद्रावर मिळेल असं लिहिलं. तसं खरंच होतं.

चौथ्या रकान्याशी सर थांबले.

"आवाजाचं काय केलं तू?"

मी म्हटलं, "तोच मजकूर जाईल ना. एसएमएसचा."

"एसएमएसमध्ये लिंक आहे. यंत्र ते इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचून दाखवीन. आणि ‘खालील लिंक’ म्हणजे? फोनवर खाली काय असते?"

मी माझे सगळे शेरे आठवून पाहिले. मी फोनबद्दल लिहिलं होतं, मेनूबद्दल लिहिलं होतं, बटणांबद्दल लिहिलं होतं. समोर स्क्रीन नसेलच, नुसता कान असेल, याबद्दल एक शब्द लिहिला नव्हता.

"माझा मोठा भाऊ मूर्तिजापूरले आहे," सर म्हणाले. "शेती त्याच्याकडेच आहे. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक अक्षर दिसत नाही. तो मेसेज उघडतच नाही. फोन आला तर ऐकते."

आवाजाचा साचा त्यांनी एकट्याने लिहिला. त्यात लिंक नव्हती आणि क्लिक नव्हतं. मातीचा अहवाल तयार आहे, केंद्रावर मिळेल, आताच ऐकायचा असेल तर एक दाबा, पुन्हा ऐकायचं असेल तर दोन दाबा. अहवालातले मुख्य आकडे वाचून दाखवायची सोय आधीपासून होती, ती कोणी जोडली नव्हती इतकंच. हे करता करता चार वाजले. काकूंनी दुपारी वाढलेलं जेवण आम्ही कधी जेवलो ते मला नीट आठवत नाही. वांग्याची भाजी होती.

निघताना सर फाटकापर्यंत आले. म्हणाले, "तुझा तो पहिला शेरा चांगला होता. ‘विनंती’ कायले लिहिलं पण? कोडमध्ये विनंती नसते."

मी म्हटलं, "तुमच्या कोडवर लिहायचं होतं म्हणून."

"मंग मीही पहिल्यांदा उत्तर तसंच दिलं," ते म्हणाले. "मले राग आला होता थोडा." हे ते अगदी साधेपणाने म्हणाले. ऑटो आला आणि मी बसले.

सोमवारी सरांनी कोड पाठवला. मी ओळ न् ओळ वाचली, कारण रविवारी सोबत बसलो म्हणून न वाचता सोडणं बरोबर झालं नसतं. एका ठिकाणी ॲपच्या साच्यात "क्लिक" राहिलं होतं. मी शेजारी लिहिलं, "इथे क्लिक राहिलं." विनंती लिहिलं नाही. पाच मिनिटांत दुरुस्ती आली आणि मी "मंजूर" दाबलं.

त्या दिवशी काहीच चालू झालं नाही. एसएमएसचा नवा मजकूर नोंदवून मंजुरी यायला वेळ लागला आणि मालकांनी प्रयोगशाळेकडे दिलगिरी कळवली. ते त्या आठवड्यात माझ्याशी कामापुरतंच बोलले. पुढे बोलायला लागले. पेरणीच्या आधी सगळं चालू झालं, पण अगदी काठावर.

नांदगावच्या बाईंना मी नंतर फोन केला. गर्दी कमी झाली का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, लोक येतातच. पूर्वी रिपोर्ट कुठं आहे म्हणून यायचे, आता रिपोर्ट उघडून त्यातल्या शब्दांचा अर्थ विचारायला येतात. सामू म्हणजे काय, सेंद्रिय कर्ब कमी म्हणजे किती वाईट. त्याची उत्तरं बाईंकडे नव्हती आणि आमच्या साच्यांमध्येही नव्हती. प्रयोगशाळेने ते काम पुढे आम्हाला दिलं नाही. त्यांनी केंद्रांवर आठवड्यातून एकदा कृषी पदवीधर बसवायला सुरुवात केली. ते जास्त शहाणपणाचं होतं असं मला वाटतं.

सरांच्या भावाने नमुना दिला होता. त्यांना आवाजी फोन गेला त्या दिवशी सरांनी मला अकोल्याहून कळवलं की भावाने पहिलं वाक्य ऐकलं आणि फोन ठेवून दिला. यंत्राचा आवाज ऐकून त्यांना वाटलं, कोणीतरी काहीतरी विकून राहिलं आहे. आम्ही मग वाक्यांचा क्रम बदलला. आधी शेतकऱ्याचं नाव, मग गाव, मग अहवाल. हा बदल मी लिहिला आणि तो वाचायला सरांकडे गेला. त्यांनी नावापुढे "जी" घालायला सांगितलं. मी घातलं. पुढच्या वेळी भावाने फोन शेवटपर्यंत ऐकला आणि एक दाबायच्या ऐवजी दोन दाबून तो पुन्हा ऐकला.